इन्व्हेस्टर डेकमधला एकूण एक आकडा चेकलिस्टमध्ये उतरवला, त्याच्या नोंदी

थोडक्यात पार्श्वभूमी. पुण्यातली लिस्टेड कंपनी, मी फायनान्स टीममध्ये. सप्टेंबर तिमाहीचे निकाल ४५ दिवसांत, म्हणजे १४ नोव्हेंबरच्या आत एक्स्चेंजला जायचे, आणि त्यांच्यासोबत इन्व्हेस्टर प्रेझेंटेशन पण जातं. निकालांचं ऑडिटर लिमिटेड रिव्ह्यू करतात, पण डेककडे कोणीच बघत नाही. मागच्या तिमाहीत एका स्लाइडवरची चूक कॉलवर एका अॅनालिस्टने दाखवली, मग सीएफओ मॅडम म्हणाल्या की या वेळी एकही आकडा बघितल्याशिवाय बाहेर जाणार नाही. डेक ३४ स्लाइड्सचा. सोबत एक आर्टिकल पोरगा, म्हणजे सीए होण्यासाठी ट्रेनिंग करणारा. खालचे आकडे गोलमाल करून बदललेत, चुका मात्र खऱ्या आहेत.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली, फराळाचा डबा अजून टेबलावरच आहे. डेकची व्ही-५ पीडीएफ मेलवर आली होती म्हणून तिच्यावरच काम सुरू केलं, आणि हीच पहिली चूक. `pdftotext -layout` मारलं, टेक्स्ट बऱ्यापैकी आलं पण चार्टची पार वाट लागली. बारवरचे आकडे एका ओळीत, तिमाहींची नावं चार ओळी खाली, कुठला आकडा कुठल्या बारचा हे डोळ्यांनी पीडीएफ उघडून जुळवत बसलो. आणि दोन स्लाइड्स पूर्ण कोऱ्या आल्या कारण तिथे एक्सेलचा स्क्रीनशॉट चिकटवलेला.

संध्याकाळी साडेसहाला ९ स्लाइड्स झाल्या होत्या, त्याही भरवशाच्या नाहीत. मग इन्व्हेस्टर रिलेशन्सवाल्या ताईंकडे मूळ .pptx मागितली, त्यांनी दोन मिनिटांत पाठवली. सकाळी मागितली असती तर दिवस वाचला असता.

२८ ऑक्टोबर

आज `python-pptx`. पहिल्या रनमध्ये खूपच कमी आकडे आले, शंका आली म्हणून स्लाइड ८ हाताने मोजली, १९ आकडे होते आणि स्क्रिप्टने ७ दिले होते. कारण असं की बॉक्स आणि बाण एकत्र ग्रुप केलेले होते आणि ग्रुपच्या आत शिरल्याशिवाय आतला टेक्स्ट मिळतच नाही. ग्रुपमध्ये परत ग्रुप पण असतो, म्हणून फंक्शनने स्वतःलाच परत बोलवायला लागतं:

```python
from pptx.enum.shapes import MSO_SHAPE_TYPE

def walk(shapes):
    for s in shapes:
        if s.shape_type == MSO_SHAPE_TYPE.GROUP:
            yield from walk(s.shapes)
        else:
            yield s
```

दुसरी गडबड जास्त मजेशीर. यादीत "15." असा एक आकडा आणि खाली "6%" असा वेगळा आकडा. स्लाइडवर साधं १५.६ टक्के लिहिलंय. झालं असं की कोणीतरी शेवटचा अंक नंतर बदलला होता आणि पॉवरपॉइंटने तिथे टेक्स्टचे दोन तुकडे केले, बाहेरून काहीच दिसत नाही. मी `run` एकेक करून वाचत होतो, त्याऐवजी अख्खा `paragraph.text` घेतला आणि प्रश्न मिटला. नंतर लक्षात आलं की असा तुकडा झालेला आकडा म्हणजे कुणाचा तरी हात फिरलेला आकडा, तेव्हा त्यांना चेकलिस्टमध्ये वेगळा रंग दिला. सगळे चुकीचे नव्हते पण बघायला सुरुवात तिथून केली ते बरं झालं.

टेबलं सरळ आली. स्पीकर नोट्स पण काढल्या, हिडन स्लाइड्स पण. दोन हिडन स्लाइड्स निघाल्या, एकीवर मागच्या वर्षीचं गाइडन्स. ताईंना कळवलं, त्या म्हणाल्या अरे बापरे.

२९ ऑक्टोबर

आज फक्त चार्ट. एकूण १७, त्यातले १४ खरे पॉवरपॉइंट चार्ट, ३ चित्रं.

खऱ्या चार्टमध्ये एक आकडा तीन ठिकाणी असू शकतो हे मला आधी माहीत नव्हतं. एक, चार्टच्या पोटात ठेवलेली एक्सेल शीट. दोन, चार्ट काढण्यासाठी साठवलेली व्हॅल्यू, जिच्यावर बारची उंची ठरते. तीन, बारच्या डोक्यावरचं लेबल, आणि हे लेबल कोणीही क्लिक करून हाताने टाइप करू शकतो. तिघांनी जुळायला पाहिजे असा काही नियम सॉफ्टवेअरमध्ये नाही.

```python
for plot in chart.plots:
    for ser in plot.series:
        for i, v in enumerate(ser.values):
            lbl = ser.points[i].data_label
            shown = lbl.text_frame.text if lbl.has_text_frame else None
            print(ser.name, v, shown)
```

जिथे `shown` मध्ये काही आलं तिथे लेबल हाताने टाइप केलेलं. अशी ११ लेबलं सापडली. त्यातलं एक एबिटडाचं, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीच्या नफ्याचं, लेबलवर ६१.९ कोटी आणि बारची व्हॅल्यू ६१.४. आधीच्या ड्राफ्टमध्ये ६१.४ होतं, एका प्रोव्हिजनमध्ये ५० लाखांचा फरक पडला आणि ६१.९ झालं, कोणीतरी एक्सेल न उघडता नुसतं लेबल बदललं. वाचणाऱ्याला आकडा बरोबर दिसतो, पण बार जुनाच. ५० लाखांनी बारच्या उंचीत डोळ्याला फरक कळत नाही हे खरंय, पण पुढच्या तिमाहीत कोणी तोच चार्ट कॉपी करून नवा बार जोडेल आणि लेबल रीसेट झालं की ६१.४ परत वर येईल.

म्हणून चेकलिस्टमध्ये चार्टसाठी दोन कॉलम: दिसणारा आकडा, आतला आकडा. दोन्ही सोर्सशी ताडायचे, एकमेकांशी ताडून भागत नाही.

आतली एक्सेल बघायला `chart.part.chart_workbook.xlsx_part.blob` फाइलमध्ये उतरवून उघडायची. चार्ट बाहेरच्या फाइलला लिंक केलेला असेल तर इथे काही मिळत नाही, आमचे दोन तसे होते आणि लिंक कोणाच्या तरी डेस्कटॉपची, तो माणूस जुलैमध्येच सोडून गेलाय. बाकी चार्ट उघडताना एकाच्या पोटात फक्त त्या चार्टचा डेटा नाही तर अख्खं एमआयएस, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत रिपोर्टिंगचं, वर्कबुक निघालं, कस्टमरनिहाय विक्रीसकट. पेस्ट करताना "एम्बेड वर्कबुक" निवडलं की असं होतं. एक्स्चेंजला पीडीएफ जाते म्हणून वाचलो, पण .pptx बाहेरच्या डिझाइन एजन्सीकडे दोनदा जाऊन आलीये. हे आजच मॅडमना सांगितलं, चेकलिस्ट राहू दे बाजूला.

३१ ऑक्टोबर

कच्च्या यादीत १,१४८ आकडे. त्यात स्लाइड नंबर, तारखा, फोन नंबर, `FY25` मधला २५, `Q2` मधला २, सगळा कचरा. गाळायला बसलो आणि इथे मी नीट माती खाल्ली. नियम लिहिला की १९ किंवा २० ने सुरू होणारी चार अंकी संख्या म्हणजे वर्ष, फेकून द्या. आर्टिकलने संध्याकाळी विचारलं, सर डीलर किती ते यादीत का नाही? स्लाइड ५ वर "2060 dealers" असं स्वल्पविरामाशिवाय लिहिलेलं, माझ्या नियमाने ते साल समजून उडवलं. तेव्हापासून काहीच फेकत नाही, "गाळलेले" नावाची वेगळी शीट आहे आणि ती पण एकदा डोळ्याखालून घालायची. पाऊण तास लागतो, लागू दे.

अजून एक, तीन आकड्यांच्या आधी रुपयाच्या चिन्हाऐवजी बॅकटिक येत होता, असा: `` `412.6 ``. मला वाटलं फाइल करप्ट आहे. प्रत्यक्षात ती स्लाइड २०१० च्या आसपासच्या टेम्प्लेटमधून आलेली, तेव्हा ₹ चं चिन्ह नवीन होतं आणि रुपी फोराडियन नावाच्या फॉन्टमध्ये ते त्या की वर बसवलेलं. ज्याच्या मशीनवर तो फॉन्ट नाही त्याला बॅकटिकच दिसणार. तिन्ही ठिकाणी खरं ₹ टाकायला सांगितलं.

कॉलमबद्दल. पहिल्यांदा मी फक्त स्लाइड, आकडा, सोर्स, टिक एवढेच ठेवलेले. दोन स्लाइड्स करून बघितल्या आणि कळलं की नुसता आकडा ताडताच येत नाही. ४१२.६ म्हणजे कसला ४१२.६? स्टँडअलोन की कन्सॉलिडेटेड, तिमाही की सहामाही, अदर इन्कम धरून की सोडून? म्हणून स्लाइडवरचं अख्खं वाक्य जसंच्या तसं एका कॉलमात, मग आकडा, एकक, काळ, बेसिस, सोर्स फाइल आणि सेल, आम्ही परत काढलेला आकडा, फरक, निकाल. बेसिस स्लाइडवर लिहिलेला नसेल तर आपल्या मनाने भरायचा नाही, तिथे "लिहिलेलं नाही" असंच लिहायचं, कारण वाचणाऱ्याला पण ते कळणार नाहीये.

आणि आर्टिकलला एक गोष्ट दहादा सांगावी लागली: उतरवताना तपासायचं नाही. त्याला एक चूक दिसली की तो ट्रायल बॅलन्समध्ये घुसायचा, अर्ध्या तासाने परत यायचा आणि मधल्या चार ओळी राहून जायच्या.

१ नोव्हेंबर, शनिवार

ऑफिसखालच्या झेरॉक्सवाल्याकडून कलर प्रिंट काढली, १० रुपये पान, ३४० रुपये. लाल पेन, फूटपट्टी, एकेक ओळ. स्क्रिप्टच्या यादीतली जी ओळ आहे तिच्यावर टिक, जे यादीत नाही त्याला गोल.

५८ गोल निघाले. त्यातले २२ चित्रांतले, ९ स्मार्टआर्टमधले (`python-pptx` ला स्मार्टआर्टमधलं टेक्स्ट सरळ मिळत नाही, हे मला आजच कळलं), आणि २७ असे की ज्यात अंकच नाही. हे शेवटचे सगळ्यात डेंजर. "निर्यात दुप्पट झाली." "आजवरची सर्वोच्च तिमाही विक्री." "नेट डेट फ्री." "निम्म्याहून जास्त विक्री रिप्लेसमेंट मार्केटमधून." कुठलाही प्रोग्रॅम अंक शोधत असेल तर यातलं एक पण सापडणार नाही, आणि अॅनालिस्ट लोक नेमकं हेच पकडतात.

प्रत्येकाला आकड्याच्या भाषेत उतरवलं. "सर्वोच्च" म्हणजे आधीच्या सगळ्या तिमाहींची विक्री काढून बघायची. "नेट डेट फ्री" म्हणजे कर्ज वजा रोख, पण कर्जात लीज लायबिलिटी धरली का? इंड एएस ११६ हे लीजचं अकाउंटिंग स्टँडर्ड आल्यापासून भाड्याच्या गोडाऊनची देणी बॅलन्स शीटवर बसतात. आमच्याकडे ती धरली तर दावा टिकत नाही, सोडली तर टिकतो. शेवटी तळटीप टाकली की लीज देणी सोडून. मला विचाराल तर ओळच काढायला हवी होती, पण ती मॅडमना आवडते.

एकूण ओळी: स्क्रिप्टच्या ४६३, हाताच्या ५८, मिळून ५२१.

४ नोव्हेंबर

आता ताडणं. सुरुवातीलाच अजून एक स्वतःची चूक. मी एक्सेलमध्ये लिहिलेलं की फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर "जुळलं". पटापट हिरवं झालं, छान वाटलं. मग एके ठिकाणी वार्षिक विक्री १,४८० आणि सोर्समध्ये १,४८६, ते पण हिरवं! ६ कोटींची चूक अर्ध्या टक्क्यात लपली. नियम बदलला: जेवढे दशांश छापलेत त्याच्या शेवटच्या अंकाच्या निम्म्याइतकाच फरक चालेल. एक दशांश असेल तर ०.०५, पूर्णांक असेल तर ०.५. परत सगळं रन केल्यावर हिरव्यातल्या १४ ओळी लाल झाल्या.

दुपारी एबिटडा मार्जिन. स्लाइड ६ वर १५.०, स्लाइड ११ वर १६.१, स्लाइड १९ वर १५.९ टक्के. तीन स्लाइड्स, एकच तिमाही, एकच कंपनी. आणि गंमत म्हणजे तिन्ही आकडे कुठल्या ना कुठल्या शीटशी जुळतात! म्हणजे एकेक ओळ सुटी ताडली असती तर तिन्हींना टिक मिळाली असती.

विक्री ४१२.६ कोटी, एबिटडा ६१.९, अदर इन्कम ४.४. स्लाइड ६ मध्ये ६१.९ भागिले ४१२.६, म्हणजे १५.०. स्लाइड ११ वाल्याने एबिटडात अदर इन्कम मिळवलं, ६६.३ केलं आणि खाली विक्री तशीच ठेवली, १६.१. स्लाइड १९ वाल्याने खाली पण अदर इन्कम मिळवलं, ४१७.०, म्हणून १५.९. एबिटडाची व्याख्या इंड एएसमध्ये नाहीच, त्यामुळे यातलं चुकीचं कुठलं असं कोर्टात सांगता येणार नाही, पण १६.१ मध्ये वर एक आणि खाली दुसरंच हे तर उघड आहे. ठरलं की सगळीकडे अदर इन्कम सोडून, १५.०, आणि शेवटच्या पानावर व्याख्या.

यावरून चेकलिस्टला "गट" असा कॉलम वाढवला. एकच गोष्ट डेकमध्ये जितक्या ठिकाणी येते त्यांना एकच गट नंबर, आणि सॉर्ट करून एकाखाली एक बघायचं. लगेच दुसरं सापडलं, मार्जिनमधली वाढ स्लाइड ३ वर १२१ बेसिस पॉइंट, म्हणजे टक्क्याचे शंभरावे भाग, आणि स्लाइड ६ वर १२०. मागच्या वर्षी ४९.२ भागिले ३५६.८, म्हणजे १३.७९. राउंड न करता वजा केलं की १२१, छापलेल्या १५.० मधून छापलेले १३.८ वजा केले की १२०. आम्ही १२० ठेवलं, कारण वाचणारा छापलेल्या आकड्यांवरूनच गणित करणार. तुम्ही दुसरं ठेवा, पण एकच ठेवा.

६ नोव्हेंबर

चार्टवरचे दावे, म्हणजे चार्टचं शीर्षक जे म्हणतं ते.

स्लाइड १४: "सलग पाच तिमाही मार्जिन वाढ". बार आहेत १३.८, १४.१, १४.६, १४.४, १५.०. चौथा बार खाली आलाय. पण अक्ष १२ टक्क्यांपासून सुरू, वर एक जाड हिरवा बाण, त्यामुळे नजर बाणाबरोबर वरच जाते, मी स्वतः शनिवारी प्रिंटवर त्याला टिक मारून गेलो होतो. शिवाय पाच बार म्हणजे चारच तुलना, पाचवी वाढ कुठून आणली? शीर्षक बदलून "वर्षभरात मार्जिन १३.८ वरून १५.०" केलं आणि बाण काढला.

स्लाइड १६ वर तीच जात. एफवाय २१ ते एफवाय २५ विक्री, ८९७ पासून १,४८६ कोटी, वर "५ वर्षांचा सीएजीआर १०.६%". सीएजीआर म्हणजे दरवर्षीचा चक्रवाढ दर, आणि पाच बार बघून कोणीतरी पाच वर्षं धरली. पाच खांबांत गाळे चारच असतात. चार वर्षांनी काढलं की १३.५ टक्के येतो. म्हणजे आपणच आपल्याला तीन टक्के कमी दाखवत होतो, आणि हा आकडा मागच्या दोन डेकमध्ये असाच गेलाय. आपल्या फायद्याची चूक असेल तर दहा जण शंका घेतात, तोट्याची असेल तर कोणी बघतच नाही.

पाय चार्टमध्ये ४३, ३१, १८, ९, बेरीज १०१. आर्टिकलने लाल केलं. आतले आकडे ४२.६, ३०.७, १७.९, ८.८, बेरीज बरोबर १००. हे राउंडिंग, चूक नाही, तळटीप पुरे.

७ नोव्हेंबर

आज डोकं फिरलं. व्ही-५ वर आमचं काम चाललंय आणि एजन्सीने व्ही-८ पाठवली, दोन स्लाइड्स नवीन, चार पुढेमागे. माझे सगळे ओळ नंबर `S14-03` असे स्लाइडच्या क्रमावर होते, सगळे घसरले. आता कुठली टिक कुठल्या आकड्याची?

दुरुस्तीत साडेचार तास गेले. `slide.slide_id` नावाची गोष्ट असते, स्लाइड पुढेमागे केली तरी ती बदलत नाही, आणि आतल्या प्रत्येक वस्तूला `shape_id` असतो. दोन्ही मिळून किल्ली केली, सोबत अख्खं वाक्य. किल्ली आणि वाक्य दोन्ही तसंच असेल तर जुनी टिक राहते, वाक्य बदललं की टिक उडते. कोणी स्लाइड डुप्लिकेट करून मूळ डिलीट केली तर नवीन आयडी मिळतो, तिथे टिका उडतात आणि परत तपासावं लागतं, एका स्लाइडला तसंच झालं. ६१ ओळी परत बघितल्या. प्रिंटवरच्या लाल पेनच्या ५८ ओळी मात्र हातानेच जुळवल्या.

ताईंना सांगितलं, आता यापुढे बदल आमच्या शीटमधून जाईल. त्या म्हणाल्या एजन्सीला तुम्हीच सांगा. सांगितलं.

११ नोव्हेंबर

५२१ चा हिशेब (नव्या दोन स्लाइड्स शेवटी काढूनच टाकल्या): जुळल्या ४४८, नुसतं राउंडिंग ३१, चुकीच्या २३, सोर्स नाही १९.

सोर्स नसलेल्या १९ नी सगळ्यात जास्त दमवलं. बहुतेक बाजारपेठेचे आकडे, "मार्केट साइज इतके हजार कोटी" वगैरे. ज्याला विचारावं तो म्हणतो मागच्या डेकमधून घेतलं, मागच्या डेकवाला म्हणतो त्याच्या मागच्या. एकाचा माग तीन वर्षं मागे काढला, शेवटी एका सेल्स कॉन्फरन्सच्या स्लाइडवर थांबला, तिथे पण सोर्स नाही. १२ काढून टाकले, ५ ना सोर्स मिळाला. उरलेले दोन मॅडमनी स्वतःच्या सहीने ठेवले, निकालाच्या कॉलमात तसंच लिहिलंय.

वेळ: आम्हा दोघांचे मिळून साधारण ११० तास, त्यातले माझ्या मते ३० फुकट गेले (पीडीएफचा दिवस, अर्ध्या टक्क्याचा नियम, ओळ नंबर). पैसे: ३४० ची प्रिंट आणि शनिवारची मिसळ.

१३ नोव्हेंबर

बोर्ड मीटिंग झाली, निकाल आणि डेक अपलोड. जायच्या आधी फायनल पीडीएफ आणि चेकलिस्ट शेजारी ठेवून २३ चुकीच्या ओळी परत बघितल्या, दोन अजून जुन्याच होत्या! स्लाइड बरोबर होती, पण एजन्सीने पीडीएफ आदल्या दिवशीच्या फाइलची बनवली होती. परत बनवून घेतली.

संध्याकाळी कॉल. मॅडम पहिल्याच मिनिटाला म्हणाल्या एबिटडा मार्जिन १४.९ टक्के. ६१.४ भागिले ४१२.६. त्यांच्या बोलण्याची स्क्रिप्ट वेगळ्या वर्ड फाइलमध्ये होती, २५ ऑक्टोबरची, आणि ती आम्ही कोणी मागितलीच नव्हती. लगेच चिठ्ठी पाठवली, त्यांनी प्रश्नोत्तरांच्या आधी दुरुस्त केलं. पुढच्या तिमाहीच्या शीटमध्ये ती वर्ड फाइल आत्ताच पहिल्या ओळीला टाकून ठेवलीये.